पगाराच्या फाईलवर महिना कोणता लिहायचा? कामाचा की वाटपाचा?

निशिगंध
नमस्कार मंडळी. मी महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. माणसं चौतीस. दर महिन्याला तीन फायली होतात: बायोमेट्रिक मशीनमधून काढलेली हजेरी, त्यावरून पगारपत्रक आणि बँकेच्या पोर्टलवर चढवायची यादी.

मे महिन्याच्या सुरुवातीला मी भावाच्या लग्नासाठी दोन दिवस रजेवर होते. पगारपत्रक तयार करून ठेवलं होतं, सहकारी मॅडमना फक्त बँकेची यादी काढून चढवायची होती. फोल्डरमध्ये हे होतं:

```
Salary April final.xlsx
Salary April final new.xlsx
Salary Apr (1).xlsx
```

पहिली फाईल एप्रिलमध्ये बनवलेली, म्हणजे मार्चच्या पगाराची. दुसरी एप्रिलच्या पगाराची. तिसरी मीच कधीतरी मेलवरून पुन्हा उतरवलेली. मॅडमनी पहिली घेतली. नावात 'एप्रिल' आहे, 'फायनल' आहे, त्यांनी आणखी काय बघायचं? ३१ मार्चला सोडून गेलेल्या दोघांना पगार गेला, एप्रिलमध्ये लागलेल्या दोन मुलांना गेलाच नाही, बाकीच्यांना मार्चच्या ओव्हरटाइमचे पैसे मिळाले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातला एक मुलगा मोबाईल हातात घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. "ताई, सगळ्यांना मेसेज आला, मला नाही आला." पहिलाच पगार होता त्याचा.

गेलेल्यांपैकी एकाने लगेच पैसे परत केले, दुसऱ्याच्या मागे अजून लागलोय. मॅडमना बोल लावायचा नाहीये, नावं मी दिली होती. तुमच्याकडे दर महिन्याच्या फायलींना नावं कशी देता? कोणीही उघडली तरी चुकीचा महिना उघडता कामा नये, एवढंच हवंय.

खाडीकिनारा
फोल्डरमध्ये 'डेट मॉडिफाइड'वर क्लिक करा, सगळ्यात वर येते ती ताजी. मी दहा वर्षं हेच करतोय, नावाकडे बघतच नाही.

तुर्भे_जंक्शन
@निशिगंध, त्या मुलाचं वाचून पोटात कालवलं. आधी त्याचा पगार गेला का ते सांगा.

निशिगंध
गेला, त्याच संध्याकाळी. साहेबांनी दोघांचे पैसे वेगळे पाठवले.

वागळेकर
बावीस वर्षं पगार आणि एमआयएस करतोय, आधी वागळे इस्टेटमध्ये, आता रबाळ्याला. तुमचा घोटाळा 'फायनल'मुळे झाला असं सगळे म्हणतील. माझ्या मते मूळ 'एप्रिल'मध्ये आहे. पगाराच्या प्रत्येक फाईलला दोन महिने चिकटलेले असतात: काम केलं तो आणि पैसे दिले तो. मार्चचं काम, एप्रिलमध्ये वाटप, पीएफचा भरणा १५ एप्रिलपर्यंत. तिन्ही कागद एकाच पगाराचे, पण प्रत्येक जण आपापल्या कामाच्या दिवशी फाईल बनवतो आणि त्या दिवशीचा महिना लिहितो. पुढच्या महिन्यात त्याच नावाची दुसरी फाईल येते आणि दोन एप्रिल शेजारी शेजारी बसतात.

म्हणून आमच्याकडे एकच नियम. नावात फक्त काम केलेला महिना, आणि तो सगळ्यात आधी, वर्षासकट, आकड्यात:

```
2025-03_hajeri_v01.xlsx
2025-03_pagar_v01.xlsx
2025-03_bank_v01.xlsx
```

बँकेची यादी ५ एप्रिलला चढवली तरी नाव `2025-03`. पीएफची फाईल १४ एप्रिलला केली तरी `2025-03`. सुरुवातीला लोक अडखळतात, "अहो, आज एप्रिल आहे ना!" म्हणतात. दोन पगार झाले की बसतं.

आकड्यात का, तर महिन्यांची नावं लिहिली की अक्षरांप्रमाणे Apr, Aug, Dec, Feb अशी रांग लागते आणि एप्रिलच्या खाली ऑगस्ट येतो. आधी वर्ष, मग दोन आकडी महिना लिहिला की नावाची रांग आणि काळाची रांग एकच होते. `03-2025` असं उलटं लिहू नका, मग सगळ्या वर्षांचे मार्च एकत्र गोळा होतात. `03/2025` तर विंडोज घेतच नाही, तिरपी रेघ नावात चालत नाही.

@खाडीकिनारा, तुम्ही एकटेच त्या फोल्डरमध्ये असाल तर तुमची पद्धत चालेल. पण समजा कोणी मार्चची जुनी फाईल एक आकडा बघायला उघडली आणि बंद करताना 'सेव्ह करू का' ला हो म्हटलं. तीच सगळ्यात वर येईल.

खाडीकिनारा
हं. हा मुद्दा आहे. पण मग 'डेट क्रिएटेड' लावायची.

वागळेकर
ती आणखी फसवी. जुनी फाईल दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी केली की तयार झाल्याची तारीख आजची पडते आणि बदलल्याची जुनीच राहते. नवा कॉम्प्युटर घेतला आणि सगळं कॉपी केलं, की पाच वर्षांच्या फायली एकाच दिवशी जन्मल्यासारख्या दिसतात.

तुर्भे_जंक्शन
वागळेकर काकांचा नियम मला रोजच्या प्रवासावरून लगेच पटला. ठाण्याहून आमच्या ट्रान्स-हार्बरच्या वाशीच्याही गाड्या सुटतात आणि पनवेलच्याही. तुर्भ्यापर्यंत दोन्हींचा रस्ता एकच, पुढे फाटे फुटतात. इंडिकेटरवर ठळक काय असतं? गाडी कुठे जाणार ते. ती कारशेडमधून किती वाजता निघाली हे कोणी लिहीत नाही. फाईल कधी बनवली हे नावात लिहिणं म्हणजे कारशेडची वेळ लिहिणं. :)

निशिगंध
हे मॅडमना उद्या सांगते, त्याही ठाण्याहूनच येतात. :)

सोसायटी_सचिव
आमच्या खारघरच्या सोसायटीत हाच त्रास आहे. मेंटेनन्सची बिलं तिमाही निघतात. आमचे जुने खजिनदार Q1 म्हणजे एप्रिल ते जून धरायचे, नवीन आलेल्या ताई जानेवारी ते मार्च धरतात. एका सभासदाने दोन बिलं समोर ठेवली, दोन्हींवर Q1, मधे तीन महिन्यांचं अंतर. व्याज कोणावर लावायचं यावर सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली. पार्किंगच्या वादावरही एक धागा काढायला हवा, तिथे तर...

तुर्भे_जंक्शन
सचिव साहेब, पार्किंगला नको, रात्र जाईल. :)

वागळेकर
@सोसायटी_सचिव, Q1 लिहूच नका. `2025-04_06_bill` लिहा. पहिला महिना आणि शेवटचा महिना, वाद घालायला जागाच नको.

पारसिक
मी वेगळं मत मांडतो. महिन्याला एक फाईल करायचीच कशाला? वर्षाची एक वर्कबुक, आत बारा शीट. मी कळव्याला एका क्लिनिकचे हिशोब बघतो, गुगल शीटवर आहे, चुकीची फाईल उघडायचा प्रश्नच येत नाही कारण फाईल एकच आहे. काही बिघडलं तर व्हर्जन हिस्टरीतून कालची अवस्था परत आणता येते.

वागळेकर
चुकीची फाईल उघडणार नाही, चुकीची शीट उघडेल. गुगलवर मागे जायची सोय आहे हे मान्य, क्लिनिकच्या रोजच्या नोंदींना ते ठीकच आहे. पण पगारात वाटप झालेला महिना गोठायला हवा. एकाच वर्कबुकात मार्चची शीट मेमध्येही उघडीच राहते, कोणाचा तरी कर्सर चुकून तिथे पडतो.

पारसिक
शीट प्रोटेक्ट करता येते की. आणि वर्षाचा गोषवारा काढायला मला बारा फायली जोडाव्या लागत नाहीत. तुम्हाला लागतात.

वागळेकर
लागतात. तेवढा त्रास मी घेतो.

भरती_ओहोटी
दोघांचंही बरोबर, पण नावं सुधारल्यावरही एक चूक होतेच, ती मी केलीय. नवीन महिना कसा तयार होतो? मागच्या महिन्याची फाईल उघडायची, 'सेव्ह अॅज' करायचं, नाव बदलायचं. नाव `2025-03_pagar` झालं, पण आतलं फेब्रुवारीचंच राहतं.

आमच्याकडे पगारपत्रकात महिन्याचे दिवस हाताने लिहिलेले होते. मार्चच्या फाईलमध्ये २८ तसेच राहिले. एका माणसाचा पगार १८,२००, दोन दिवस बिनपगारी. २८ ने भागलं की रोज ६५०, कपात १,३००. खरं तर ३१ ने भागायला हवं, रोज सुमारे ५८७ रुपये १० पैसे, कपात सुमारे १,१७४. एका माणसामागे सव्वाशे रुपयांची तफावत, दिसायला काहीच नाही, म्हणून दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते एका वेल्डरच्या, कारण तो वहीत स्वतःचा हिशोब ठेवतो.

दुसरी जागा म्हणजे लिंक. पगारपत्रक हजेरीच्या फाईलमधून आकडे ओढत असेल, तर सूत्रात जुन्या फाईलचं नाव बसलेलं असतं:

```
='[2025-02_hajeri_v01.xlsx]Ekun'!$F$5
```

पगाराच्या फाईलचं नाव बदललं तरी हे बदलत नाही. मार्चचं पत्रक निवांतपणे फेब्रुवारीची हजेरी दाखवत राहतं. डेटा टॅबमध्ये 'एडिट लिंक्स' उघडलं की कुठल्या फायली जोडल्यात ते दिसतं, नव्या एक्सेलमध्ये त्याला 'वर्कबुक लिंक्स' म्हणतात. पाठवण्याआधी तिथे एक नजर टाकतेच टाकते.

निशिगंध
आमचं पत्रक असंच ओढतं! आत्ता उघडून बघितलं. महिना बरोबर आहे, पण फाईल डाउनलोड्स फोल्डरमधली आहे, सर्व्हरवरची नाही. म्हणजे सर्व्हरवरची हजेरी मी दुरुस्त केली तरी पगारात आलीच नसती.

भरती_ओहोटी
तेच. म्हणून आम्ही लिंकच काढून टाकली. हजेरी पगाराच्याच फाईलमध्ये `Hajeri` नावाच्या शीटवर पेस्ट करतो, आणि मागच्या महिन्याची कॉपी करण्याऐवजी कोरा नमुना `.xltx` म्हणून ठेवलाय. त्यावर डबल क्लिक केलं की नवी बिननावाची प्रत उघडते, मूळ नमुन्यावर चुकून सेव्ह होत नाही.

नमुन्यात B1 मध्ये महिन्याची पहिली तारीख, उदाहरणार्थ १ एप्रिल २०२५. हाताने लिहायची गोष्ट एवढीच. दिवस `=DAY(EOMONTH(B1,0))` ने येतात. आणि B2 मध्ये फाईलचं नाव B1 शी जुळतं का ते बघणारं सूत्र:

```
=IF(MID(CELL("filename",A1),
 FIND("[",CELL("filename",A1))+1,7)
 =TEXT(B1,"yyyy-mm"),"ठीक","महिना तपासा")
```

फाईलच्या नावाची पहिली सात अक्षरं घेऊन तारखेशी ताडून बघतं. जुळलं नाही की कंडिशनल फॉरमॅटिंगने सेल लाल. सेव्ह करण्याआधी एरर दाखवेल, कारण तोवर फाईलला नावच नसतं. घाबरू नका.

पारसिक
गुगल शीटवर हे चालणार नाही, तिथे CELL ला फाईलचं नाव विचारता येत नाही. मी करून बघितलंय.

वागळेकर
छान आहे हे. एक सावधगिरी: मेलमधून आलेली फाईल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडते, तेव्हा सूत्रं नव्याने मोजली जात नाहीत. आधी सेव्ह झालेला 'ठीक' तसाच दिसतो. 'एनेबल एडिटिंग' केल्यावर जे दिसेल ते खरं.

खाडीकिनारा
मग हजेरी कोणत्या महिन्याची पेस्ट केलीय तेही सूत्राने बघता येईल. `Hajeri` मधल्या तारखा B1 आणि महिनाअखेर यांच्या मध्ये आहेत का ते मोजायचं:

```
=COUNTIFS(Hajeri!B:B,">="&B1,
 Hajeri!B:B,"<="&EOMONTH(B1,0))
 =COUNT(Hajeri!B:B)
```

TRUE आलं की झालं.

भरती_ओहोटी
@खाडीकिनारा, कल्पना एकदम बरोबर, पण दोन जागी अडेल. बायोमेट्रिकच्या तारखेला वेळ चिकटलेली असते. ३० एप्रिल संध्याकाळी ६:०५ चं पंचिंग हे EOMONTH च्या ३० एप्रिलपेक्षा मोठं, कारण ती ३० तारीख मध्यरात्री बाराची. शेवटच्या दिवसाचं सगळं पंचिंग बाहेर पडेल आणि बरोबर फाईलवरही FALSE येईल. `"<"&EOMONTH(B1,0)+1` असं लिहा, म्हणजे १ मे सुरू व्हायच्या आधीचं सगळं आत येतं.

दुसरी जागा जास्त धोक्याची. काही मशीन तारखा मजकूर म्हणून देतात, सेलमध्ये डावीकडे चिकटलेल्या दिसतात. त्या दोन्ही बाजूंना मोजल्याच जात नाहीत, शून्य बरोबर शून्य, आणि TRUE येतं. म्हणून शेजारच्या सेलमध्ये नुसतं `=COUNT(Hajeri!B:B)` ठेवा. चौतीस माणसांच्या महिन्याला तिथे शून्य दिसलं तर वरच्या TRUE वर भरवसा नको.

खाडीकिनारा
वेळेचं डोक्यातच आलं नाही. धन्यवाद, माझ्याही फाईलमध्ये बदलतो.

सीवूड्स_सई
आमच्या कारखान्यात हजेरी २६ ते २५ चालते. २६ मार्च ते २५ एप्रिलचा पगार एप्रिलचा म्हणतात. मग वागळेकर काकांचा 'काम केलेला महिना' कोणता? सहा दिवस मार्चचे आहेत.

वागळेकर
नावात पगाराचा महिना, `2025-04`. पण आत B1 ला 'पासून' आणि C1 ला 'पर्यंत' अशा दोन्ही तारखा लिहा. नाव जुळवणारं सूत्र C1 वर चालवा, कारण २५ एप्रिल ही तारीख पगाराच्या महिन्यातच येते. पंचिंग मोजणारं B1 पासून `C1+1` च्या आधीपर्यंत. दिवसांनी भागताना मात्र तुमच्याकडे ३० धरतात, २६ धरतात की प्रत्यक्ष दिवस, ते कंपनीच्या रिवाजाप्रमाणे. त्यात मी पडत नाही.

सीवूड्स_सई
आमच्याकडे २६. ठीक आहे, करून बघते.

घोडबंदर
सगळं वाचलं. सूत्रं चांगली आहेत, पण निशिगंध ताईंच्या बाबतीत मॅडमनी पगारपत्रक उघडलं, यादी काढली आणि पोर्टलवर चढवली. B2 लाल असता तरी त्यांनी बघितला असता का? मी चढवण्याआधी एकच गोष्ट बघतो: यादीची बेरीज आणि मागच्या महिन्याची बेरीज. ओव्हरटाइम आणि रजा असलेल्या ठिकाणी दोन महिन्यांची बेरीज रुपयापर्यंत सारखी येणं जवळपास अशक्य. सारखी आली तर हात थांबलाच पाहिजे.

निशिगंध
@घोडबंदर, तुम्ही लिहिल्यावर पोर्टलवर जाऊन बघितलं. एप्रिल आणि मेमधल्या दोन्ही याद्यांची बेरीज एकच, शेवटच्या रुपयापर्यंत. दोन्ही आकडे एकाच स्क्रीनवर, एकाखाली एक होते. आमच्यापैकी कोणी बघितले नाहीत.

वागळेकर
घोडबंदर म्हणतात ते मी रोज करतो पण लिहायला विसरलो. आता v01, v02 बद्दल. 'फायनल' लिहायचं नाही कारण फायनलनंतरही दुरुस्ती येतेच. पण आकडे वाढवत गेलं की v01 ते v07 एकाच ठिकाणी साचतात आणि आठवा माणूस v05 उघडतो. म्हणून महिन्याच्या फोल्डरात आणखी एक फोल्डर, `pathavlele`. बँकेला किंवा साहेबांना प्रत्यक्ष गेली तीच प्रत तिथे जाते, रीड-ओन्ली करून. बाहेरून कोणी विचारलं तर फक्त तिथूनच द्यायची. दुरुस्ती झाली तर जुनीला हात न लावता शेजारी v02 ठेवायची आणि पहिल्या शीटवर एक ओळ लिहायची: काय बदललं, कोणासाठी.

सीवूड्स_सई
आमच्याकडे फायली व्हॉट्सअॅपवर फिरतात. त्यामुळे नावामागे `(1)` लागतंच.

भरती_ओहोटी
नावाची पहिली सात अक्षरं तशीच राहतात, त्यामुळे सूत्र चालतं. पण `(1)` असलेली फाईल सर्व्हरवर परत टाकायची नाही, एवढं आम्ही भिंतीवर लावलंय.

सोसायटी_सचिव
कालच्या कमिटीत `2025-04_06` मांडलं, सगळ्यांनी मान्य केलं. नव्या ताई म्हणाल्या, आता मागची तीन वर्षं पण बदलू. मी म्हटलं, जुन्या बिलांचे नंबर आहेत तसेच राहू द्या, सभासदांच्या घरी तीच कागदं आहेत.

पारसिक
हा शहाणपणा केलात. जुन्या एक्सेल फायलींची नावं बदलली की त्यांना जोडलेल्या बाकीच्या फायलींच्या लिंकही तुटतात.

निशिगंध
मेचा पगार झाला. काय केलं ते लिहिते.

नाव वागळेकर काकांसारखं, `2025-05_pagar_v01`. नमुना भरती_ओहोटी ताईंसारखा. जुन्या फायलींना हात लावला नाही, फक्त `juna_2025-04_paryant` नावाच्या फोल्डरात हलवल्या. बँकेच्या यादीत वर तीन सेल ठेवलेत: या महिन्याची बेरीज, मागच्या महिन्याची बेरीज, आणि माणसं किती. मागची बेरीज मॅडमनी पोर्टलवर बघून स्वतः हाताने लिहायची, फाईलमधून ओढायची नाही. हे त्यांनीच सुचवलं.

पहिल्याच दिवशी B2 लाल झाला. मी घाईत फाईलला `2025-06` नाव दिलं होतं, कारण त्या दिवशी जून होता.

एक प्रश्न राहिलाय. आमच्या रात्रपाळीचे सहा जण ३१ मेच्या रात्री दहाला आत आले आणि १ जूनच्या सकाळी सहाला बाहेर. मशीनच्या मेच्या यादीत त्यांचं 'आत' आहे, 'बाहेर' जूनमध्ये गेलं. मी सहा ओळी हाताने आणून मेमध्ये टाकल्या, तर तारखांचं सूत्र FALSE झालं.

भरती_ओहोटी
आम्ही पाळी सुरू झाली ती तारीख वेगळ्या कॉलममध्ये लिहितो आणि सूत्र त्या कॉलमवर लावतो. पण ती भरावी लागते हातानेच, आणि हाताने भरलेलं चुकतं.

वागळेकर
आम्ही मशीनमधून दर महिन्याला १ तारखेच्या दुपारपर्यंतचा डेटा काढतो आणि सूत्राची शेवटची सीमा बारा तासांनी पुढे ढकललीय, `+1` च्या जागी `+1.5`. पण मग १ तारखेच्या सकाळपाळीचं 'आत' पण त्यात येतं, ते गाळावं लागतं. याला माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही. इथे कोणाच्या कारखान्यात तीन पाळ्या असतील तर लिहा.